नफा 30 टक्क्यांनी वाढला, तरी पुतणी म्हणते धंदा मागे गेला. ईव्हीएचं हे गणित बरोबर आहे का?

लेथवाला | रविवार, रात्री 10:42

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे. दुचाकी-तीनचाकीचे ॲल्युमिनियमचे भाग करतो. प्रायव्हेट लिमिटेड आहे, पण भागधारक दोघंच, वडील आणि मी.

आज दुपारी पुतणी जेवायला आली होती. ती सीएमएच्या फायनलला आहे. वर्ष चांगलं गेलं म्हणून मी कौतुकानं तिच्यासमोर ताळेबंद ठेवला. तिनं आमटी-भात बाजूला सारून मोबाइलवर पाच मिनिटं आकडे मारले आणि म्हणाली, "काका, तुमचा ईव्हीए प्लस साडेदहावरून मायनस सहावर आलाय." वडिलांचा घास हातातच राहिला.

आकडे देतो, सगळे लाखांत. भांडवल वर्षाच्या सुरुवातीचं आहे.

2022-23: आमचे स्वतःचे पैसे 300, बँकेचं कर्ज 100. व्याज आणि कर जायच्या आधीचा नफा 84. व्याज 10, कर 18.5, हाती राहिले 55.5.

2024-25: स्वतःचे पैसे 520, कर्ज 200. व्याज-कराआधीचा नफा 116. व्याज 20, कर 24, हाती राहिले 72.

मधल्या काळात वाढलेले 220 असे: दोन वर्षांचा नफा मिळून 125 आतच ठेवला, आणि मुळशीकडची वडिलोपार्जित जमीन विकून आलेले 95 घातले.

ती म्हणते, तुमच्या 520 लाखांवर 15 टक्के आकार धरला तर 78 होतात आणि नफा आहे 72, म्हणून उणे सहा. माझा प्रश्न साधा आहे. हे 78 लाख मी कुणाला देतोय? बँकेनं मागितले नाहीत, सरकारनं मागितले नाहीत. मग वजा कसले करायचे?

---

पेठेतला | रविवार, रात्री 11:05

अहो, कशाला डोक्याला ताप. स्वतःच्या पैशाला व्याज लावायचं म्हणजे स्वतःच्या घरात राहून स्वतःकडूनच भाडं घेण्यासारखं आहे. नफा 55 चा 72 झाला, चितळ्यांकडून पेढे आणा आणि पुतणीला द्या. परीक्षेच्या वयात पोरं असंच बोलतात.

---

फोमवाला | सोमवार, सकाळी 7:50

ईव्हीएच्या शीटबद्दल धागा दिसला म्हणून आलो. 10 मिमी, काळा, पॅकिंगला हवा असेल तर पिंपरीत माझ्याकडे तयार माल आहे. जास्त जाडीचा असेल तर चार दिवस लागतील.

---

लेथवाला | सोमवार, सकाळी 8:15

@फोमवाला, दादा, हा वेगळा ईव्हीए आहे :) इकॉनॉमिक व्हॅल्यू ॲडेड. पण ट्रेमध्ये घालायला शीट लागतेच, विपूत नंबर टाका.

---

सौदामिनी | सोमवार, सकाळी 9:30

पुतणीनं चूक केली आहे असं मला वाटतं, पण तुमच्या विरुद्ध दिशेनं. ईव्हीएमध्ये सगळ्या भांडवलाचा खर्च धरतात, नुसता मालकाच्या पैशाचा नाही. तुमचे 520 गुणिले 15 टक्के म्हणजे 78, आणि कर्जाचे 200 गुणिले 10 टक्के, करसवलत धरून साडेसात, म्हणजे 15. एकूण 93. म्हणून 72 उणे 93, ईव्हीए उणे 21 येतो.

---

ताळेबंद | सोमवार, सकाळी 11:10

सौदामिनीताई, 93 बरोबर आहे, पण तो 72 मधून वजा करायचा नाही. 72 मधून बँकेचं व्याज आधीच गेलेलं आहे. तुम्ही ते दुसऱ्यांदा घेतलंत.

दोन वाटा आहेत, कुठलीही एक धरा. व्याजाला हात न लावता फक्त कर काढलेला नफा घ्यायचा, म्हणजे 116 चे पाऊण, 87. त्यातून सगळ्या भांडवलाचे 93 काढा, उणे 6. किंवा सगळं काढून उरलेला नफा 72 घ्या आणि त्यातून फक्त मालकांच्या पैशाचे 78 काढा, तरी उणे 6. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात. पुतणी हुशार आहे.

मी 31 वर्षं कॉस्टिंगमध्ये काढली, आता कर्वेनगरात घरी बसून वर्तमानपत्रातली कोडी सोडवतो. त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लेथवाल्यांचा प्रश्न खरा आहे: 78 लाख कुणाला? तुम्हालाच. हिशेबाच्या वह्यांची एक जुनी खोड आहे. बँकेच्या पैशाचा मोबदला त्या खर्च म्हणून लिहितात आणि मालकाच्या पैशाचा मोबदला लिहीतच नाहीत. म्हणून कंपनीत जितके घरचे पैसे ओताल तितका नफा फुगलेला दिसतो. उद्या आणखी 200 लाख घालून बँकेचं कर्ज फेडलंत, तर व्याजाचे 20 वाचतील आणि कर जाऊन नफा 72 चा 87 होईल. मशीन तीच, माणसं तीच, गिऱ्हाईक तेच. कारखान्यात एक बोल्टही हलला नाही आणि नफा 15 लाखांनी वाढला. म्हणजे त्या आकड्यात काहीतरी मोजायचं राहून जातंय, नाही का?

ही काही अमेरिकन सल्लागारांनी लावलेली नवी टूम नाही. मालकाच्या भांडवलावरचं चालू दराचं व्याज काढून जे उरतं त्यालाच खरी व्यवस्थापनाची कमाई म्हणायचं, असं आल्फ्रेड मार्शल 1890 मध्ये लिहून गेला. जनरल मोटर्सनं 1920 च्या दशकात आणि जनरल इलेक्ट्रिकनं 1950 च्या दशकात असा उरलेला नफा आपल्या विभागांसाठी मोजला. जोएल स्टर्न आणि बेनेट स्ट्युअर्ट यांच्या स्टर्न स्ट्युअर्ट कंपनीनं त्याला ईव्हीए नाव देऊन ट्रेडमार्क घेतला, इतकंच. आपल्याकडे इन्फोसिस आणि हिंदुस्तान लिव्हर आपल्या वार्षिक अहवालात ईव्हीएचं पान छापत असत.

---

पेठेतला | सोमवार, दुपारी 1:20

बरं, मोबदला हवा मान्य. पण 15 टक्केच का? माझी एफडी 7 टक्क्यांवर आहे. 520 चे 7 टक्के म्हणजे 36.4. मग 72 मधून 36 गेले तरी 35 लाख शिल्लक राहतात. दर हवा तो धरायचा आणि एखाद्याचा धंदा बुडीत ठरवायचा, ही तर ज्योतिषाची पद्धत झाली.

---

अन्नपूर्णा_कोथरूड | सोमवार, दुपारी 3:45

माझं कोथरूडला पोळी-भाजी केंद्र आहे. गाळा सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे भाडं नाही. मिस्टर दर महिन्याला म्हणतात, "भाडं नाही म्हणून तू चाललीयेस." मी रागावते. पण शेजारचा तेवढाच गाळा मोबाइलवाल्यानं 38 हजारांनी घेतला आणि माझी महिन्याची शिल्लक साधारण 45 हजार. हा धागा वाचून वाटलं, तेही हेच बोलत होते की काय? म्हणजे मी 7 हजारांसाठी पहाटे साडेचारला उठते?

---

ताळेबंद | सोमवार, संध्याकाळी 6:30

अन्नपूर्णाताई, हेच. आणि तुमचा पगार धरला आहेत का? नसेल तर हिशेब आणखी कडू होईल. पण लगेच पोळपाट-लाटणं ठेवून देऊ नका. गाळा खरंच 38 ला जाईल का, किती महिने रिकामा पडेल, सासरे मुळात परक्याला देतील का, हे सगळं बघावं लागतं. जो पर्याय प्रत्यक्षात हाताशी नाही त्याचा खर्च धरायचा नसतो.

पेठेतले, तुमचा आक्षेप चांगला आहे. 15 हा आकडा कुठल्याही दगडावर कोरलेला नाही. शेअर बाजारातल्या कंपनीला निदान सरकारी रोख्याचा दर, त्यावर जोखमीची भर आणि शेअरचा चढउतार पाहून काहीतरी काढता येतं. भोसरीतल्या दोन भागधारकांच्या कंपनीला ते कुठून आणणार?

पण एक तळ नक्की आहे. बँक लेथवाल्यांना 10 टक्क्यांनी पैसे देते. तेही मशीन गहाण ठेवून, वैयक्तिक हमी घेऊन, आणि बुडालं तर पहिला हात मारायचा हक्क राखून. मालकाला यातलं काहीच नाही. सगळ्यांचं देऊन उरलं तर त्याचं. मग जास्त धोका घेणाऱ्याचा दर कमी धोका घेणाऱ्यापेक्षा खाली असेल कसा? म्हणून तुमचा 7 टक्के बाद. एफडीत पैसे बुडायची भीती जवळपास नसते, भोसरीत रोज असते. 10 च्या वर कितीही वाद घाला.

आता गंमत बघा. दर घेऊन भांडायचंच नाही असं ठरवू. 15 ऐवजी 12 धरा. 2022-23 ला 55.5 उणे 36, म्हणजे अधिक 19.5. 2024-25 ला 72 उणे 62.4, म्हणजे अधिक 9.6. उणे कुठेच नाही, पण निम्म्यानं घसरला. 10 धरा: 25.5 चा 20 झाला. तरी घसरलाच. तो कुठल्या दराला घसरत नाही ते काढू. नफा वाढला 16.5, मालकांचे पैसे वाढले 220. भागाकार साडेसात टक्के. म्हणजे दर साडेसातच्या वर काहीही धरलात तरी धंदा मागेच गेलेला दिसतो, आणि बँकच 10 नं देते.

ईव्हीए उणे की अधिक, यावर दोन शहाणी माणसं भांडू शकतात. तो कुठल्या दिशेनं सरकला, यावर भांडायला सहसा जागा कमी असते.

---

लेथवाला | सोमवार, रात्री 10:20

साडेसात टक्के वाचून जरा गप्प बसलो. वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "जमीन दहा वर्षांत दुप्पट झाली असती, तीही नुसती पडून." दुप्पट म्हणजे वर्षाला सव्वासातच्या आसपास ना? म्हणजे दोन पाळ्या चालवून जमिनीइतकंच कमावलं.

पण मशीन तर भरभरून चालताहेत हो! तिन्ही नवे व्हीएमसी एक दिवस रिकामे नाहीत. मग पैसा गेला कुठे?

---

ताळेबंद | मंगळवार, सकाळी 8:40

तेच विचारणार होतो. भांडवल 400 चं 720 झालं, हे 320 ताळेबंदात कुठे जाऊन बसले ते सांगा. आणि पगार किती घेता तेही.

---

लेथवाला | मंगळवार, दुपारी 12:05

तीन व्हीएमसी टूलिंगसकट 120. चाकणला पुढच्या विस्तारासाठी प्लॉट 110, अजून कुंपणच आहे. उरलेले 90 उधारीत आणि थोडे स्टॉकमध्ये. विक्री 6 कोटींची 9 कोटी झाली, आणि मोठ्या गिऱ्हाइकानं जास्त काम देताना मुदत वाढवून घेतली. सगळ्यांची सरासरी काढली तर आधी पैसे 45 दिवसांत यायचे, आता 65 लागतात.

पगार दोघांचा मिळून 18 लाख. तेव्हाही तेवढाच होता.

---

ताळेबंद | मंगळवार, संध्याकाळी 5:50

पगार कमी आहे. तुमच्या दोघांच्या जागी बाहेरचे दोन मॅनेजर ठेवले तर याहून नक्कीच जास्त लागतील. पण दोन्ही वर्षी तेवढाच असल्यामुळे घसरणीच्या हिशेबात तो येत नाही. बाजूला ठेवू.

आता 320 चे तीन तुकडे वेगळे मांडू. सरासरी भांडवलाचा दर 93 भागिले 720, म्हणजे 12.9 टक्के पडतो. कर जाऊन, व्याजाआधीचा नफा 63 चा 87 झाला, म्हणजे 24 वाढला. हे 24 सगळे मशीननी कमावले, प्लॉट काही कमवत नाही.

120 लाखांच्या मशीनवर 24, म्हणजे 20 टक्के. घसारा जाऊन! भोसरीत याहून चांगलं काय मागता? म्हणजे मशीन घेतल्या तो निर्णय पक्का.

प्लॉटचा वर्षाचा आकार 110 च्या 12.9 टक्के, 14 लाखांच्या वर. कुंपणाच्या आत गवत वाढतंय आणि त्या गवताला महिन्याला सव्वा लाख लागताहेत.

उधारी-स्टॉकचे 90, त्यांचा आकार साडेअकरा लाख. पण इथे जरा थांबा. ही उधारी दिली म्हणून ते काम मिळालं, आणि काम मिळालं म्हणून मशीन भरल्या. त्यामुळे उधारी मशीनपासून तोडून बघता येत नाही. दोन्ही मिळून 210, त्यावर 24 म्हणजे 11.4 टक्के. लागतात 12.9. म्हणजे त्या ऑर्डरवर तुम्ही किंचित खाली आहात. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटलेत आणि प्रत्यक्षात गिऱ्हाइकाला तुमच्याच पैशानं कर्ज दिलंत.

नफा-तोटा पत्रकात हे दिसायची सोयच नाही. तिथे 45 दिवसांनी येणारा रुपया आणि 65 दिवसांनी येणारा रुपया एकाच रंगाचे असतात.

---

कंपनीतला_माणूस | मंगळवार, रात्री 9:15

मी एका मोठ्या कंपनीत प्लांटला होतो, नाव नको. तिथे आमचा बोनस ईव्हीएला बांधला होता. पहिली दोन वर्षं खरंच फरक पडला. गोदामात धूळ खात पडलेले सुटे भाग निघाले, कुणी न वापरलेली फोर्कलिफ्ट विकली गेली. कारण प्रत्येकाला कळलं की पडलेल्या लोखंडालाही भाडं लागतं.

मग लोक शहाणे झाले. भांडवल 31 मार्चच्या ताळेबंदावरून धरायचे. त्यामुळे 20 मार्चपासून कच्चा माल आत घ्यायचा नाही, ट्रक गेटबाहेर उभे. तयार माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा. एका वर्षी 2 एप्रिलला बेअरिंग नाही म्हणून लाइन दीड दिवस बंद होती आणि त्याच आठवड्यात बोनसचं पत्र आलं :)

आणि नवीन मशीन मागायला कुणी तयार नव्हतं, कारण मागितलं की त्याचं भांडवल आपल्या डोक्यावर बसतं. पंधरा वर्षं जुन्या मशीनवर आमचा ईव्हीए झकास.

---

सौदामिनी | बुधवार, सकाळी 10:00

परवाची दुहेरी वजाबाकीची चूक मान्य. पण मशीनचा मुद्दा मी घरी मांडून बघितला आणि तो फार महत्त्वाचा आहे असं वाटतं.

समजा 40 लाखांचं एक व्हीएमसी. दरवर्षी कर जाऊन 9 लाख रोख मिळवतं, दहा वर्षं, नंतर भंगार शून्य. घसारा वर्षाला 4, म्हणजे नफा 5. भांडवलाचा दर सोयीसाठी 13 टक्के.

पहिल्या वर्षी पुस्तकी किंमत 40, आकार 5.2, ईव्हीए उणे 0.2. पाचव्या वर्षी किंमत 24, आकार 3.1, ईव्हीए अधिक 1.9. दहाव्या वर्षी किंमत 4, आकार अर्धा लाख, ईव्हीए अधिक 4.5.

मशीन तेच, काम तेच, रोख तेवढीच. तरी पहिल्या वर्षी ते तोट्याचं दिसतं आणि दहाव्या वर्षी हिऱ्यासारखं. मग दहाही वर्षांची रोख आजच्या किमतीत आणून बघायला शीटमध्ये B2 ते B11 मध्ये नऊ-नऊ टाकून हे चालवलं:

```
=NPV(13%,B2:B11)-40
```

उत्तर आलं 8.8 लाख अधिक. म्हणजे मशीन घ्यायलाच हवं होतं. पहिल्या वर्षाचा ईव्हीए बघून कुणी नकार दिला असता तर चुकला असता.

तर लेथवालादादांचं उणे सहा यातलं किती आहे? त्यांच्या मशीन तर नव्या आहेत.

---

ताळेबंद | बुधवार, दुपारी 12:30

शाब्बास. दहाही वर्षांचे ईव्हीए 13 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणून बेरीज करा, तेच 8.8 येतील. घसारा कसाही धरा, बेरीज बदलत नाही, फक्त कुठल्या वर्षी किती दिसेल ते बदलतं. म्हणून एका वर्षाचा ईव्हीए बघून मशीन घ्यायचं-विकायचं ठरवू नये. आणि आपल्याकडे बरेच छोटे कारखानदार आयकराचाच घसारा वह्यांत लावतात, मशीनला 15 टक्के, घटत्या किमतीवर. त्यानं सुरुवातीची वर्षं आणखी वाईट दिसतात.

लेथवाल्यांच्या बाबतीत मात्र नव्या मशीनचा दोष फारसा नाही. त्यांच्या मशीन पहिल्या वर्षातच घसारा जाऊन 20 टक्के देताहेत. दुखणं प्लॉट आणि उधारीचं आहे.

---

भागीदार_नं_3 | बुधवार, दुपारी 2:10

आमची भागीदारी फर्म आहे, भवानी पेठेत. आम्ही हे वर्षानुवर्षं करतोच की! भागीदारी करारात लिहिलेलं आहे, प्रत्येकाच्या भांडवलावर 12 टक्के व्याज आधी द्यायचं आणि मग उरलेला नफा वाटायचा. आयकरही 12 टक्क्यांपर्यंत मान्य करतो. बारावीच्या बुक-कीपिंगमध्ये सगळ्यांनीच "भांडवलावरील व्याज" लिहिलंय. मग यात एवढं नवं काय?

---

ताळेबंद | बुधवार, संध्याकाळी 7:05

अगदी खरं, आणि हे उदाहरण मला आधी सुचायला हवं होतं. जुन्या पेढ्यांना हे पक्कं ठाऊक होतं, कारण तिथे भागीदारांचं भांडवल कमीजास्त असायचं. ज्यानं जास्त घातले त्याच्यावर अन्याय नको, म्हणून व्याज आधी. कंपनी झाली की ही ओळ गायब होते. लाभांश खर्चात धरत नाहीत, तो नफ्यातून देतात. तीच पेढी उद्या प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर कागदावरचा नफा अचानक वाढेल आणि कर सल्लागाराशिवाय कुणाच्या ते लक्षातही येणार नाही.

फरक एकच. तुमचे 12 टक्के करारातून आणि आयकराच्या मर्यादेतून आलेत, धोक्यावरून नाही. धंदा किराण्याचा असो की फटाक्यांचा, 12 च.

---

लेथवाला | गुरुवार, सकाळी 9:25

आता कामाचं विचारतो. त्या गिऱ्हाइकाशी पुढच्या आठवड्यात दराची बैठक आहे. उधारी पुन्हा 45 दिवसांवर आणली तर किती फरक पडेल? आणि ते नाहीच म्हणाले तर दरात किती मागू?

---

ताळेबंद | गुरुवार, सकाळी 11:40

9 कोटींची विक्री, सरासरी 20 दिवस कमी. 900 गुणिले 20 भागिले 365, म्हणजे 49 लाख मोकळे होतात. त्यांचा आकार 12.9 टक्क्यांनी 6.3 लाख. तुमचं उणे सहा तिथेच पुसलं जातं, एकही जादा भाग न बनवता.

नाही म्हणाले तर दरात मागा. 6.3 लाख कर जाऊन आहेत, करापूर्वीचे साडेआठ. 9 कोटींवर ते एक टक्क्याला थोडे कमी पडतात. म्हणजे 20 दिवसांच्या उधारीची किंमत साधारण एक टक्का दर. समोरचा खरेदीवाला "दिवस वाढवा पण दर तोच ठेवा" म्हणाला की तो तुमच्याकडून एक टक्का सूट मागतोय असं समजा. त्याला हे गणित नक्की येतं.

---

कंपनीतला_माणूस | गुरुवार, दुपारी 1:00

आणि युनिट सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यमवर नोंदलेलं असेल तर तेही सांगा. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे पैसे थकवले तर ते देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च आयकरात धरता येत नाही. खरेदी विभागाला पत्ता नसतो, पण त्यांच्या फायनान्सला चांगला असतो. मात्र हे बैठकीत पहिल्याच वाक्यात काढू नका, ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाईल.

---

सौदामिनी | गुरुवार, दुपारी 4:35

काका, एक शंका. ते 49 लाख सुटले आणि लेथवालादादांनी कर्ज फेडलं, तर व्याज 4.9 वाचेल, कर जाऊन 3.7. नफा 75.7, त्यातून मालकांचे 78 गेले, ईव्हीए उणे 2.3. मग तुमचं उणे सहा पूर्ण पुसलं कसं जातं? तुम्हीच म्हणालात की दोन्ही वाटा एकाच गावाला जातात.

---

ताळेबंद | गुरुवार, रात्री 8:20

पकडलंत. मी 12.9 हा दर तसाच ठेवला, तुम्ही मालकाचे 15 तसेच ठेवलेत. कर्ज कमी झालं की मालकाचा धोकाही कमी होतो, त्यामुळे 15 थोडा खाली यायला हवा, आणि तो आला की फरक बराचसा मिटतो. पण नेमका किती यावा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मोठ्या कंपन्या कर्ज आणि मालकांच्या पैशाचं एक प्रमाण ठरवून टाकतात आणि वर्षभर तोच दर वापरतात, म्हणजे हा घोळ रोज निस्तरावा लागत नाही. स्टर्न स्ट्युअर्टवाल्यांनी दीडशेहून जास्त दुरुस्त्या काढून ठेवल्या होत्या, वापरणारे त्यातल्या पाच-दहाच वापरत.

एकूण काय, उणे 2 आणि शून्य यांच्या मध्ये कुठेतरी. बैठकीला तेवढं पुरतं.

---

पेठेतला | गुरुवार, रात्री 9:50

मी अजूनही म्हणतो, चाकणच्या प्लॉटवर तुम्ही अन्याय करताय. त्याची किंमत वाढतेय ती कुठे धरलीत? आज त्याला सव्वा कोट येत असतील. वर्षाचा 14 लाख आकार लावता, मग वाढलेले 15 लाख नफ्यात नकोत?

---

ताळेबंद | गुरुवार, रात्री 10:30

या वेळी तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. ईव्हीए पुस्तकी किमतीवर चालतो, विकेपर्यंत वाढ दिसत नाही. काही जण बांधकाम सुरू होईपर्यंत अशी गुंतवणूक बाजूला ठेवतात, तेही नियमात बसतं. माझं मत वेगळं आहे: बाजूला ठेवायची सवय लागली की प्लॉट बाजूलाच राहतो. पण वाढीचा मुद्दा खरा आहे. फक्त मग तो मशीनिंगचा धंदा नाही, जमिनीचा धंदा आहे, आणि दोन्हींचे हिशेब वेगळ्या वहीत लिहा.

---

लेथवाला | शुक्रवार, रात्री 10:55

प्लॉटचं वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "मुळशीची विकली, आता ही नाही विकायची." विषय तिथेच संपला.

पुतणीला फोन केला, ती हसतेय. बैठक मंगळवारी आहे. मी एक टक्का मागणार आणि 50 दिवसांवर तयार व्हायचं ठरवलंय. काय होतं ते इथे टाकतो.

@फोमवाला, शीट आल्या, धन्यवाद. पण बिलावर मुदत 7 दिवस लिहिलीये, एवढी घाई?

---

फोमवाला | शनिवार, सकाळी 8:02

तुमचा धागा पूर्ण वाचला, म्हणूनच.